सहकारी बोर्ड गेममध्ये एकाच खेळाडूने सगळ्यांच्या चाली ठरवू नयेत म्हणून: पॅन्डेमिकच्या टेबलावरची पद्धत

सहकारी बोर्ड गेममध्ये सगळे खेळाडू एका बाजूला असतात आणि खेळ दुसऱ्या बाजूला. सगळे मिळून जिंकतात किंवा सगळे मिळून हरतात. मात्र अशा खेळाच्या टेबलावर चार माणसे बसलेली असताना प्रत्यक्षात एकच जण खेळतो आहे आणि उरलेले तिघे त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवत आहेत, असे चित्र वारंवार दिसते. अशा खेळाडूला 'अल्फा प्लेयर' म्हणण्याची पद्धत आहे. तो बहुतेक वेळा वाईट हेतूने वागत नसतो. त्याला खेळ येतो, त्याला जिंकायचे असते आणि समोरच्याची चूक होताना दिसली की त्याला गप्प बसवत नाही. म्हणून "जरा इतरांनाही खेळू दे" एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष माणसात थोडा आणि खेळाच्या रचनेत जास्त असतो.

ही रचना समजून घेण्यासाठी मी पॅन्डेमिक हा एकच खेळ घेतो. मॅट लीकॉक यांनी रचलेला हा खेळ २००८ साली प्रसिद्ध झाला आणि अनेकांचा सहकारी खेळांशी पहिला परिचय त्यातूनच होतो. पटावर जगाचा नकाशा असतो, शहरांवर चार रंगांचे ठोकळे म्हणजे चार रोग असतात आणि दोन ते चार खेळाडूंनी चारही रोगांवर इलाज शोधायचा असतो. प्रत्येकाला आपल्या पाळीत चार कृती करता येतात. त्यानंतर तो खेळाडूंच्या गड्डीतून दोन पत्ते उचलतो आणि शेवटी संसर्गाचे पत्ते उलटून नवे ठोकळे मांडतो. यात नशीब पत्त्यांच्या गड्डीत असते, पण निर्णयाच्या क्षणी पटावरचे सगळे काही सगळ्यांना दिसते. हातातले पत्तेही टेबलावर उघडे मांडले, तर एका डोक्याला माहीत नसेल असे दुसऱ्या डोक्याकडे काहीच उरत नाही. मग चार पाळ्या एकाच माणसाने ठरवण्यात कोणतीच अडचण राहत नाही आणि ज्याला खेळ सर्वांत जास्त येतो त्याने ठरवणे हेच शहाणपणाचे वाटू लागते. पुढच्या पायऱ्यांचा उद्देश हीच सोय काढून घेण्याचा आहे.

आधी ओळखावे कसे

मोठ्याने बोलणारा खेळाडू म्हणजे अल्फा प्लेयर असे समजू नये. काही जण खूप बोलतात, पण प्रश्न विचारत बोलतात आणि त्यांच्यामुळे टेबल जिवंत राहते. खरी खूण गप्प बसलेल्या खेळाडूकडे पाहून कळते. सोंगटी उचलण्यापूर्वी तो पटाकडे पाहतो की कोणाच्या तरी चेहऱ्याकडे, हे लक्षपूर्वक बघा. दुसरी खूण याहून पक्की आहे. पाळी संपल्यावर त्याला सहज विचारा, "तिकडे का गेलास?" त्याला स्वतःच्या शब्दांत कारण सांगता आले, मग ते कारण चुकीचे का असेना, तर पाळी त्याची होती. "त्याने सांगितलं म्हणून" असे उत्तर आले, तर ती पाळी दुसऱ्याच कोणीतरी खेळली. आणखी एक खूण हातांची आहे. कोणी दुसऱ्याची सोंगटी स्वतः उचलून पुढच्या शहरावर ठेवत असेल, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

पहिली पायरी: मांडणी करतानाच तीन गोष्टी ठरवा

खेळ सुरू झाल्यावर नियम घातला की तो कोणाला तरी उद्देशून घातल्यासारखा वाटतो आणि ती व्यक्ती दुखावते. म्हणून पट मांडत असतानाच, कोणाचेही नाव न घेता, तीन गोष्टी सगळ्यांसमोर सांगाव्यात. ज्याची पाळी त्याचा निर्णय, आणि तो इतरांना चुकीचा वाटला तरी तोच अमलात येईल. आपल्या सोंगटीला आणि पत्त्यांना आपल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. आणि पत्ते हातात धरायचे, टेबलावर उघडे मांडायचे नाहीत.

यातली तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण तिचा परिणाम सर्वांत मोठा असतो. पत्ते हातात असले की त्यांच्याविषयी बोलायला बंदी नसली तरी विचारावे लागते आणि उत्तर द्यावे लागते. अनुभवी खेळाडूच्या डोक्यात तयार होणारी योजना मध्येच अडते, कारण तिच्यातला एक तुकडा दुसऱ्याच्या हातात असतो. याची मर्यादाही सांगायला हवी. तुमच्या टेबलावरचा माणूस प्रत्येक पाळीला सगळ्यांना पत्ते वाचून दाखवायला लावत असेल, तर लपवण्याला काही अर्थ उरत नाही. त्यासाठी एक जोडनियम ठेवावा: दुसऱ्याच्या पत्त्यांविषयी विचारण्याचा हक्क फक्त ज्याची पाळी आहे त्यालाच.

भूमिका वाटतानाही थोडा विचार करा. पॅन्डेमिकमध्ये भूमिकांचे पत्ते सहसा न बघता वाटले जातात, पण टेबलावर एक अनुभवी आणि बाकीचे नवखे असतील तर डिस्पॅचरची भूमिका अनुभवी खेळाडूकडे जाऊ देऊ नये. डिस्पॅचरला आपल्या पाळीत इतरांच्या सोंगट्या हलवता येतात. त्यासाठी त्या खेळाडूची परवानगी लागते खरी, पण नवखा खेळाडू ती नाकारत नाही. ज्याला आधीच सगळ्यांच्या वतीने ठरवण्याची सवय आहे, त्याच्या हातात खेळाने स्वतः तशी ताकद देणे योग्य नाही.

दुसरी पायरी: बोलण्याचा क्रम

मला विचाराल तर या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी. प्रत्येक पाळीत बोलण्याचा क्रम असा ठेवा: ज्याची पाळी आहे तो आधी बोलेल, मग ज्यांना खेळ कमी येतो ते बोलतील आणि सर्वांत जास्त येणारा सर्वांत शेवटी बोलेल. यात कोणाचेही तोंड बंद केले जात नाही. अनुभवी माणसाला जे सांगायचे ते त्याला सांगता येतेच, फक्त त्याचे मत पहिले पडत नाही. पहिले मत पडले की बाकीच्यांचा विचार त्याच्याभोवतीच फिरू लागतो, आणि मग चर्चा झाल्यासारखी दिसते पण ती होत नाही.

पाळी असलेल्या खेळाडूने सुरुवातीला अर्धे का होईना, एक वाक्य बोलायचे असते: "मला वाटतं सगळ्यात मोठा धोका अमुक ठिकाणी आहे." त्याने पूर्ण चार कृतींची योजना मांडावी अशी अपेक्षा पहिल्या डावात ठेवू नये, कारण ती नवख्याला जमत नाही आणि न जमल्यामुळे तो पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. धोका कुठे आहे एवढे सांगणे मात्र सगळ्यांना जमते. एखाद्या नवख्याने "काहीच सुचत नाही, तुम्हीच सांगा" म्हटले तर त्याला दोन पर्याय द्यावेत, एक देऊ नये. दोघांतून निवडताना त्याला काहीतरी तोलावे लागते.

चर्चेला वेळेची मर्यादा घाला. वाळूचे घड्याळ असेल तर उत्तम, नाहीतर फोनवरचा टायमर चालतो. पहिल्या वाक्यानंतर दोन मिनिटे पुरेशी आहेत. वेळ संपली की फक्त पाळीवाल्याने बोलायचे आणि कृती करायच्या. एक मिनिट ठेवून पाहिले तेव्हा नवखे घाबरून अनुभवी माणसाचेच ऐकतात असे मला आढळले, त्यामुळे सुरुवातीला घाईचे माप ठेवू नका.

तिसरी पायरी: माहिती सांगा, चाल सांगू नका

अनुभवी खेळाडूसाठी हा भाग आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "त्याला बोलू देऊ नका" असा सल्ला पाळला, तर नवख्याला खेळाचे गणित कधीच कळत नाही आणि त्याचे निर्णय आंधळे राहतात. भेद बोलणे आणि न बोलणे यांत नाही. पट आणि नियम यांविषयीची माहिती सगळ्यांच्या मालकीची असते, ती कोणीही आणि केव्हाही सांगावी. त्या माहितीवरून काय करायचे हे मात्र पाळीवाल्याचे असते.

एका पाळीचे उदाहरण घेऊन हे दाखवतो. चौघे खेळत आहेत. आधीच्याच पाळीत एपिडेमिकचा पत्ता निघाला आहे. नवख्या खेळाडूकडे मेडिकची भूमिका आहे, म्हणजे एका कृतीत ती शहरावरचे एका रंगाचे सगळे ठोकळे काढू शकते, जिथे इतरांना एकच काढता येतो. तिची सोंगटी इस्तंबूलला आहे आणि तिथे संशोधन केंद्रही आहे, म्हणजे इलाज शोधण्यासाठी जिथे यावे लागते ती जागा. शेजारच्या कैरोवर तीन काळे ठोकळे आहेत आणि कैरोला लागून असलेल्या अल्जियर्सवर दोन. सायंटिस्टची सोंगटी बगदादला आहे आणि तिची पाळी मेडिकच्या लगेच नंतर आहे. सायंटिस्टला इलाजासाठी पाचऐवजी एकाच रंगाचे चार पत्ते पुरतात आणि तिच्याकडे काळे तीन आहेत. मेडिकच्या हातात बगदाद, पॅरिस आणि लिमा या शहरांचे पत्ते आहेत, त्यांतला बगदादचा काळा आहे.

टेबलावरचा अनुभवी माणूस अशा वेळी पटकन म्हणतो, "तू कैरोला जा, तिथले ठोकळे काढ, मग अल्जियर्सला जा, तिथलेही काढ." चार कृती झाल्या, पाच ठोकळे निघाले. चाल वाईट नाही, उलट ती ऐकायला इतकी ठाम आहे की नवखी खेळाडू ती लगेच करून टाकते. अशी चाल दिसली की मला वाईट वाटते, कारण तिच्या हातात काय आहे हे कोणी विचारलेलेच नसते.

आता तोच माणूस फक्त माहिती सांगतो असे धरू. तो म्हणेल, "एपिडेमिकमुळे आधी निघालेले संसर्गाचे पत्ते पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवले आहेत, त्यामुळे कैरो आणि अल्जियर्स दोन्ही लवकरच पुन्हा निघू शकतात. ज्या शहरावर तीन ठोकळे आहेत तिथे चौथा आला की उद्रेक होतो आणि शेजारच्या प्रत्येक शहरावर एकेक ठोकळा जातो." या दोन्ही वाक्यांत आज्ञा नाही, पण खेळाचे मर्म आहे. नवख्या माणसाला हे पटावर पाहून समजत नाही, म्हणून ते सांगायलाच हवे.

ती ऐकते, आपले पत्ते बघते आणि विचारते, "सायंटिस्टला किती काळे हवे आहेत?" उत्तर येते, एक. पत्ता देण्यासाठी दोघींनी एकाच शहरात असावे लागते आणि तो पत्ताही त्याच शहराचा असावा लागतो. तिच्याकडे बगदादचा आहे आणि सायंटिस्ट बगदादलाच आहे. मग ती मोजते: इस्तंबूलहून कैरो ही एक कृती, कैरोवरचे तीनही ठोकळे काढणे ही दुसरी, कैरोहून बगदाद तिसरी, पत्ता देणे चौथी. पुढच्याच पाळीत सायंटिस्ट बगदादहून इस्तंबूलला येऊन, म्हणजे दोन कृतींत, काळ्या रोगावर इलाज शोधू शकते. अल्जियर्स तसेच राहते, पण तिथे दोनच ठोकळे आहेत. त्याचा पत्ता निघाला तरी तीन होतील, उद्रेक होणार नाही. पाठोपाठ दुसरे एपिडेमिक आले तर मात्र धोका आहे, आणि तो धोका पत्करायचा की नाही हे तिने ठरवायचे असते.

एकाच्या डोक्यातून निघालेल्या योजनेपेक्षा ही चाल चांगली निघाली ती बगदादच्या पत्त्यामुळे, जो तिच्या हातात होता. नेहमीच असे होईल असा माझा दावा नाही. पुष्कळदा नवख्याची चाल खरोखर कमी प्रतीची असते आणि टेबलावर सगळ्यांना ती दिसत असते. अशा वेळी शेवटी बोलणाऱ्याने आपली शंका प्रश्नाच्या रूपात एकदा मांडावी, "कैरो सोडून गेलीस आणि त्याचा पत्ता निघाला तर?", आणि मग थांबावे. तोच प्रश्न दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत विचारणे म्हणजे आज्ञाच असते, आणि नवखे खेळाडू हे अचूक ओळखतात.

चौथी पायरी: हरणे परवडेल असे करा

वरचे सगळे नियम कठीण पातळीवर टिकत नाहीत. पॅन्डेमिकमध्ये गड्डीत चार, पाच किंवा सहा एपिडेमिक पत्ते घालून खेळाची कठीणता ठरवतात. सहा पत्ते असताना एका चुकीच्या पाळीने डाव हातचा जाऊ शकतो आणि मग ज्याला येते त्याने ठरवावे हा दबाव सगळ्यांकडूनच येतो, अगदी नवख्यांकडूनही. म्हणून मिश्र गटाने पहिले तीन डाव चार पत्त्यांनीच खेळावेत. अनुभवी खेळाडूला ते सोपे वाटेल, पण त्याच्यासाठी त्या डावांतले काम वेगळे आहे: माहिती वेळेवर आणि आज्ञेशिवाय सांगता येते का, हे तो शिकत असतो, आणि ते सोपे नाही.

एक सुरक्षाझडप मात्र ठेवावी. आमच्या टेबलावर प्रत्येकाला एका डावात एकदाच वापरता येईल असा एक मणी देतो. कोणाची चाल थेट डाव घालवणारी असेल, उदाहरणार्थ ज्या उद्रेकाने आठचा आकडा पूर्ण होऊन खेळ संपेल तो समोर दिसत असताना सोंगटी उलट दिशेला जात असेल, तर मणी मध्ये ठेवून "थांबा, पुन्हा बघा" म्हणता येते. चाल सांगता येत नाही, फक्त पुन्हा बघायला लावता येते. मणी एकच असल्यामुळे तो राखून ठेवला जातो. सुरुवातीला मी प्रत्येकाला तीन मणी दिले होते. अनुभवी खेळाडूने पहिल्या सहा पाळ्यांतच तिन्ही खर्च केले आणि परिस्थिती होती तशीच राहिली, तेव्हा मणी तीनाचा एक झाला.

काय बिघडते

सर्वांत जास्त दिसणारा बिघाड उलट्या दिशेचा असतो. नियमांच्या धाकाने सगळेच गप्प होतात, प्रत्येक जण आपापली पाळी एकट्याने खेळतो आणि सहकारी खेळातला सहकारच नाहीसा होतो. एखादी पूर्ण फेरी कोणीही कोणाला काही न विचारता गेली, तर हे झाले आहे असे समजा. त्यावर उपाय म्हणून पाळीवाल्याने कृती करण्यापूर्वी एका तरी खेळाडूला एक तरी प्रश्न विचारावा, असे ठरवून घ्या.

दुसरा बिघाड कळायला अवघड आहे. अल्फा प्लेयर गप्प बसतो, पण उसासे टाकतो, पटावरच्या एका शहराकडे टक लावून पाहतो किंवा नवख्याने सोंगटी ठेवल्यावर हात कपाळाला लावतो. आज्ञा तीच असते, फक्त ती न बोलता दिली जाते. याविषयी खेळ संपल्यावर, दोघेच असताना, स्पष्ट बोलावे. टेबलावर सर्वांसमोर बोलू नये.

पद्धत लागू पडत नसेल तर खेळ बदला

काही गटांत नियम कितीही नीट घातले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी ज्या खेळांच्या रचनेतच एकाने सगळे ठरवणे अशक्य आहे, तिकडे वळावे. आंत्वान बोझा यांच्या हानाबीमध्ये खेळाडू आपले पत्ते उलटे, म्हणजे इतरांना दिसतील पण स्वतःला दिसणार नाहीत असे धरतो. इशारे मोजकेच असतात आणि एका इशाऱ्यात फक्त रंग किंवा आकडा सांगता येतो. द क्रू या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक मोहिमेत एका खेळाडूला एकदाच, एकाच पत्त्याविषयी खूण करता येते. मॅजिक मेझमध्ये प्रत्येकाकडे सोंगटी हलवण्याच्या ठरावीक दिशाच असतात, वाळूचे घड्याळ चालू असते आणि खेळताना बहुतांश वेळ बोलायला मनाई असते, त्यामुळे योजना कोणी एक ठरवली तरी ती सांगायची कशी हाच प्रश्न उभा राहतो.

तरीही हे खेळ म्हणजे रामबाण उपाय नव्हे. हानाबीमध्ये दडपण वेगळ्या वाटेने येते. अनुभवी खेळाडू "या इशाऱ्याचा अर्थ असाच घ्यायचा" अशा संकेतांची यादी आधीच लावून देतो आणि चुकलेल्या पत्त्यानंतर समोरच्याला जाब विचारतो. म्हणून नवख्यांसोबत पहिले दोन डाव कोणतेही संकेत न ठरवता खेळावेत आणि चुकलेल्या पत्त्याची चर्चा डाव संपेपर्यंत करू नये.

पॅन्डेमिकवर टिकून राहिलात तर वाळूचे घड्याळ आणि बोलण्याचा क्रम कधी सोडायचा, हे टेबल स्वतःच सांगते. नवखी खेळाडू अनुभवी माणसाची सूचना ऐकून घेते, नाही म्हणते आणि कारण सांगून वेगळी चाल करते, असे सलग दोन डावांत घडले की मणी पेटीत ठेवा, बोलण्याचा क्रम मोकळा करा आणि पुढच्या डावाच्या गड्डीत पाचवा एपिडेमिक पत्ता घाला.